आईच्या पुढच्या उपचारांबद्दल डॉक्टर मॅडमना पत्र

पुणे
रविवार, १८ जानेवारी २०२६

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

परवा मंगळवारी आईला नवी केमो सुरू करायची की नाही ते ठरणार आहे. ओपीडीत गर्दी असते, आई-बाबा दोघंही समोर असतात आणि माझं विचारायचं तोंडातच राहतं. म्हणून आधीच लिहून देतो आहे. हे पत्र लिहितोय हे आईला माहीत आहे.

मला जे समजलं आहे ते आधी सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा. २०२४ मध्ये ओव्हरीचा कॅन्सर कळला तेव्हाच तो तिसऱ्या स्टेजला होता. तीन केमो, ऑपरेशन, पुन्हा तीन केमो झाल्या आणि सीए-१२५ उतरला. शेवटच्या केमोनंतर सहा महिने व्हायच्या आतच तो परत चढला, म्हणून प्लॅटिनमच्या औषधांचा आता फार उपयोग नाही असं तुम्ही म्हणाला होतात. नंतर दर आठवड्याची पॅक्लिटॅक्सेल दिली, पण ती चालू असतानाच सीटीत आतड्यांवरच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. डिसेंबरात आतडं अडकलं, नाकातून नळी घालावी लागली. ते सुटलं, पण पुन्हा अडकू शकतं असं सर्जननी सांगून ठेवलं आहे. पोटातलं पाणी आता दर आठवड्याला काढावं लागतं.

तुमच्यासमोर येते तेव्हा आई इस्त्रीची साडी नेसून येते आणि कसं वाटतंय विचारलं की "बरंय" म्हणते. घरी ती दिवसाचा बहुतेक वेळ पडूनच असते. बाथरूमपर्यंत जाताना हात धरावा लागतो. खाणं म्हणजे सकाळी चार चमचे पेज, संध्याकाळी थोडं ताक, तेही राहील याची खात्री नाही. रात्री पाठीत कळा येतात तेव्हा ती आम्हाला हाक मारत नाही, उशी दातात धरते. दिवाळीत ती खुर्चीत बसून करंज्यांना मुरड घालत होती, यावरून किती झपाट्यानं उतरली ते लक्षात येईल. केमोचा निर्णय घेताना हे तुमच्यासमोर असावं असं मला वाटतं.

आता पहिला प्रश्न. आईकडे किती वेळ आहे? तारीख कोणीच सांगू शकत नाही, हे मला कळतं. पण आपण महिन्यांची गोष्ट करतोय की आठवड्यांची, एवढं तरी सांगा. १९ मार्चला पाडवा आहे. त्या दिवशी आई नसली तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का? नागपूरहून ताईला आत्ता बोलवायचं की तिच्या मुलाची परीक्षा झाल्यावर, बाबांनी वाईचं घर उघडून ठेवायचं की नाही, हे सगळं या उत्तरावर अडलं आहे. चांगल्यात चांगलं काय, वाईटात वाईट काय आणि तुमच्या मनाला काय वाटतं, असं तिन्ही सांगितलंत तर आम्हाला पुष्कळ झालं.

दुसरा प्रश्न नव्या केमोचा. ती दिली तर नेमकं काय मिळेल? पाणी कमी होईल, खाता येईल, की फक्त रिपोर्टमधला आकडा हलेल? तिची आजची ताकद आणि २.१ अल्ब्युमिन पाहता ती तिला झेपेल का? न देता फक्त त्रास कमी करण्याचे उपचार केले, तर तिचा वेळ घटेल का आणि घटलाच तर किती? बाबा जमीन विकायला तयार आहेत. पैशाचा प्रश्नच नाही असं मी म्हणणार नाही, तो आहे. पण तिला चार बरे दिवस मिळणार असतील तर आम्ही उभे करू. मिळणार नसतील तर तसं बाबांना तुमच्या तोंडून कळायला हवं. मी सांगितलं तर त्यांना वाटतं, मुलानं हात टेकले.

आईला काय हवंय ते मी गेल्या आठवड्यात तिच्याजवळ बसून विचारलं. तिनं तीन गोष्टी सांगितल्या. तिला वाईला जायचंय, स्वतःच्या खोलीत. कळा थांबायला हव्यात. आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत हवं, कारण गल्लीतल्या बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षं तिच्याकडे आहे आणि तो पुढच्या बाईला नीट समजावून द्यायचा आहे. आम्हाला ही वही किरकोळ वाटेल, तिला वाटत नाही. म्हणून मॉर्फिनबद्दल विचारतो. नातेवाईक म्हणतात की त्यानं माणूस गुंगीत जातो आणि लवकर जातो. नीट मोजून दिलं तर कळा थांबूनही ती बोलती राहील का? आतडं अडकलं असताना गोळी पोटात ठरली नाही तर काय देता येईल? वाईत ते मिळण्याची सोय आहे का, की पुण्याहूनच न्यावं लागेल?

पाण्यासाठी दर वेळी घाट ओलांडून पुण्याला आणणं तिला सोसणार नाही. पोटात कायमची बारीक नळी ठेवून घरीच पाणी काढता येतं असं ऐकलं, ते तिच्या बाबतीत शक्य आहे का? वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरला तुमची चिठ्ठी मिळाली तर आम्ही याच आठवड्यात जाऊन येऊ. वाईला नेण्याआधी काही दिवस तिथं राहून औषधांचं प्रमाण बसवून घेता येईल का?

पुन्हा आतडं अडकलं, रक्तदाब पडला किंवा श्वास लागला, तर काय करायचं हेही आधीच ठरवायला हवं. आईनं मला स्पष्ट सांगितलं आहे की तिला आयसीयूत न्यायचं नाही, व्हेंटिलेटर लावायचा नाही, छाती दाबायची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं आणि २०२३ मध्ये केलेल्या सुधारणेनं अशी इच्छा दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी करता येते. तिची तयारी आहे. तिची शुद्ध आणि समज चांगली असतानाच हे व्हावं. तुम्ही फाइलमध्येही तशी नोंद कराल का? आणि शेवट घरी आला तर तो कसा असेल, आम्ही काय करायचं, रात्री कोणाला फोन करायचा, हेही सांगून ठेवा. अर्धवट माहितीनं बाबा घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावतील.

एक शेवटची विनंती. बाबांनी तुम्हाला सांगितलंय की आईसमोर काही बोलू नका. त्यांची माया मी समजतो, पण आईची मागणी उलट आहे. ती चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मला म्हणाली, "माझ्या पाठीमागं कुजबुजू नका, डॉक्टरांना म्हणावं माझ्याशी बोला." तेव्हा मंगळवारी आधी तिलाच विचारा, किती जाणून घ्यायचंय. ती जेवढं विचारेल तेवढं तिला खरं सांगा. मग केमो घ्यायची की नाही हे ती ठरवेल. ती जे ठरवेल त्यात मी तिच्या बाजूनं उभा आहे, आणि बाबांनाही मी सांभाळीन.

ओपीडी संपल्यावर, सगळ्यात शेवटी बोलावलंत तरी चालेल, आम्ही थांबू. ताई फोनवर असेल.

आपला,
अविनाश

ता. क. सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि पोटातून कधी किती पाणी काढलं त्याची नोंद सोबत जोडली आहे. शुक्रवारी रात्री दुखणं फार वाढलं तेव्हा ट्रॅमाडॉलची जादा गोळी दिली होती. तिनं अर्धा-एक तासच उतार पडला, आणि नंतर उलटी झाली.