विश्वस्त दत्तात्रय पाटील यांचे निधन

आपल्या वाचनालयाचे विश्वस्त आणि माजी कोषाध्यक्ष दत्तात्रय पाटील यांचे १४ जून २०२५ रोजी सांगली येथील राहत्या घरी अल्प आजाराने निधन झाले. ते ८१ वर्षांचे होते. त्यांच्यामागे पत्नी, मुलगा, सून, मुलगी, जावई आणि तीन नातवंडे असा परिवार आहे.

तासगाव तालुक्यात शेतकरी कुटुंबात जन्मलेले दत्ताकाका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून २००२ मध्ये निवृत्त झाले आणि २००४ पासून आपले विश्वस्त होते. त्यापैकी बारा वर्षे त्यांनी कोषाध्यक्षपद सांभाळले. देणगी दहा रुपयांची असली तरी पावती फाडलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. लेखापरीक्षण वेळेत व्हावे आणि विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज लगेच जावा, यासाठी ते स्वतः कागद घेऊन फिरत.

२००५ च्या पुरात पाणी वाचनालयाच्या पायरीपर्यंत आले होते. ते ओसरल्यावर काकांनी सर्व दाखल नोंदवह्या माळ्यावरच्या कपाटात हलवल्या आणि वापरातील वहीही रोज संध्याकाळी वर जाईल अशी शिस्त लावली. सेवकांना तेव्हा ते जाचक वाटे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले आणि खालच्या रॅकमधली पुस्तके भिजून गेली. नोंदवह्या मात्र कोरड्या राहिल्या. कोणते पुस्तक गेले आणि कोणते उरले हे त्यामुळेच एकेक करून ताडता आले, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे पूर्ण यादीसह पाठवता आला. काका तेव्हा पंचाहत्तरीत होते. चिखल काढण्याचे काम तरुण सभासदांनी केले. काका टेबलाशी बसून प्रत्येक दाखल क्रमांकावर खूण करत राहिले. जवळजवळ दोन महिने हे काम चालले.

त्यांचे सगळ्यांशी पटत असे असे नाही. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवण्याला त्यांनी वीजबिलाचा हिशेब मांडून विरोध केला होता. ठराव मंजूर झाला तेव्हा अभ्यासिकेची नियमावली त्यांनीच लिहून दिली, आणि नंतर कोणाची फी थकली तर नाव पुकारू नका, मला सांगा, असे ग्रंथपालांना बजावले. किती मुलांची फी त्यांनी भरली याची नोंद आपल्याकडे नाही. पावत्या मुलांच्याच नावाने आहेत.

त्यांना स्वतःला प्रवासवर्णने आवडत. दिवाळी अंकांची पेटी आली की पहिला अंक मात्र ते कधीच नेत नसत, सभासदांचे फिरून झाल्यावर नेत.

शोकसभा रविवार, ६ जुलै रोजी सायंकाळी साडेपाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात होईल. काकांच्या स्मरणार्थ कुटुंबीयांनी जुन्या नोंदवह्यांच्या बांधणीसाठी अकरा हजार रुपयांची देणगी दिली आहे. तिची पावती देण्यात आली आहे.

— विश्वस्त मंडळ व सेवकवर्ग