बेळगावच्या उद्यमबागेतली पॅटर्नवाली: माझी तीस सेकंदांची ओळख

उद्या संध्याकाळी कारखानदारांचं स्नेहसंमेलन आहे. गेल्या वर्षी अशाच कार्यक्रमात समोरच्यानं "काय करता?" म्हणून विचारलं आणि मी आजोबांच्या सुतारकामापासून सुरुवात केली. दोन मिनिटं झाली तरी पॅटर्न हा शब्दच आला नव्हता. ते गृहस्थ भले होते, मान हलवत राहिले, पण त्यांना माझ्याकडून काय मिळू शकतं हे त्यांना कळलंच नाही. म्हणून या वेळी लिहून काढलं, फोनवर वेळ लावून मोठ्यानं म्हटलं, जीभ अडखळली तिथं शब्द बदलले. कोण कुठून आलाय ते माहीत नसेल तेव्हा हेच बोलायचं:

"नमस्कार, मी रेश्मा सुतार. उद्यमबागेत आमचं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूचा साचा करतात ना, तो ज्याच्यावर घेतात तो नमुना आम्ही बनवतो. लाकडाचा, ॲल्युमिनियमचा, रेझिनचा. आत पोकळी हवी असेल तर कोअर बॉक्सही. माझे वडील, आप्पा, रंधा-पटाशीनं करायचे, मी ड्रॉइंगवरून राउटर मशीनवर करते. फिनिशिंगचा हात अजून त्यांचाच. तुमच्याकडं कास्टिंगचं काही काम असतं का?"

तीस सेकंदांत बसतं, घाई न करता. शेवटचा प्रश्न कुठल्याही परिस्थितीत गाळायचा नाही, कारण त्याच्या उत्तरावरून पुढचं ठरतं. "आप्पा... मी..." हे वाक्य मी तीनदा काढलं आणि तीनदा परत घातलं. ते खरं आहे, आणि लोक तिथंच थांबून काहीतरी विचारतात.

बदलायचं ते मधलं. नाव, उद्यमबाग आणि पॅटर्न ही तीन कायम.

फौंड्रीच्या मालकांना वाळूचा साचा समजावून सांगणं म्हणजे शेतकऱ्याला नांगर दाखवणं. तिथं एक झालेलं काम सांगायचं, तेही दोषासकट:

"नमस्कार सर, मी रेश्मा, उद्यमबागेतलं पॅटर्न शॉप. मागं एक पंपाचं हाउसिंग आमच्याकडं आलं होतं. पार्टिंग लाइनवर दोन अर्धे सरकत होते, मशीनिंगला एका बाजूला मालच उरत नव्हता. सगळे मोल्डिंगवाल्यांना बोलत होते. आम्ही पॅटर्न उघडला तर डॉवेल पिना झिजून सैल झालेल्या. पिना आणि बुश बदलले, पॅटर्न नवा करावा लागला नाही. तुमच्याकडं असा शिफ्टमुळं बाजूला पडलेला एखादा पॅटर्न आहे काय? उद्या येऊन बघतो."

इथं "बघतो" असंच म्हणणार. आमच्याकडं घरात, बाजारात आम्ही बायकाही "जातो, करतो, बघतो" म्हणतो आणि उद्यमबागेतल्या माणसांशी तेच बोलणं जवळचं वाटतं. पुण्याहून आलेल्या माणसासमोर मात्र "बघते" म्हणेन, नाहीतर त्यांचं लक्ष कामावरून क्रियापदावर जातं. यात कुठलं बोलणं खरं आणि कुठलं खोटं असं काही नाही. दोन्ही माझीच आहेत.

ही पंपाच्या हाउसिंगची गोष्ट सांगताना कुठल्या फौंड्रीचं काम होतं ते सांगायचं नाही, कोणी खोदून विचारलं तरी नाही. ज्याचा दोष आज मी इथं नावानिशी सांगेन, त्याला वाटेल उद्या ही दुसरीकडं माझाही सांगेल. आणि त्याचं वाटणं बरोबरच असेल.

पुण्याचे, बेंगळुरूचे खरेदीवाले किंवा डिझाइनवाले भेटले तर ते कास्टिंग विकत घेतात, पॅटर्न त्यांनी बहुतेक पाहिलेलाच नसतो. त्यांच्यासाठी:

"नमस्कार, मी रेश्मा सुतार, बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न शॉप चालवते. तुमच्या ड्रॉइंगमधलं माप आणि आमच्या पॅटर्नचं माप एक नसतं. ग्रे आयर्न थंड होताना मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर आकसतं, ॲल्युमिनियम 13, स्टील 20. तेवढं मोठं करून, वर मशीनिंगचा माल ठेवून, साच्यातून सुटायला उतार देऊन आम्ही पॅटर्न करतो. ड्रॉइंग पक्कं होण्याआधी एकदा आम्हाला दाखवलं तर नंतरची तोडफोड वाचते. सध्या एखादं नवं कास्टिंग डिझाइनमध्ये आहे का?"

आकडे तीनच. आप्पा म्हणाले, स्टीलचा आकडा सांगताना थोडं थांब, माणूस चमकतो. आज दुपारी गल्लीतल्या दोघांवर करून पाहिलं, दोघंही "वीस? एवढं?" म्हणाले. त्या "एवढं?" नंतर आप्पांची आकसाची पट्टी पिशवीतून काढून दाखवायची. साध्या पट्टीला चिकटवून धरली की तिच्यावरचे सेंटिमीटर थोडे लांब दिसतात आणि मग मला काही बोलावंच लागत नाही. ही पट्टी मी न्यायचीच असं ठरवलंय. कार्ड हरवतं, हातात धरलेली वस्तू लक्षात राहते.

हत्तरगीच्या सेझमधलं कोणी असेल तर कास्टिंगचा विषयच नको. त्यांचं काम विमानाच्या सुट्या भागांचं, आमची वाळू तिथं कशाला? "रेझिनमध्ये पार्ट बसवून मशीनिंग करायचे फिक्स्चर आणि तपासायचे नमुने आम्ही राउटरवर करतो" एवढं एक वाक्य मधे घालायचं आणि सोडून द्यायचं.

आता कन्नड. जिल्ह्याचे उद्योग खात्याचे अधिकारी येणार आहेत, त्यांच्यासाठी पहिली वाक्यं कन्नडमध्येच:

"नमस्कार सर. नन्न हेसरु रेश्मा सुतार. उद्यमबागदाग नम्मदु पॅटर्न शॉप ऐती. फौंड्रिगे बेकाद पॅटर्न माडतीवि. नम्म अप्पा कैलिंद माडतिद्रु, ईग नानु मशीन मेले माडतीनि."

म्हणजे माझं नाव, आमचं शॉप, फौंड्रीला लागणारे पॅटर्न करतो, वडील हातानं करायचे आणि आता मी मशीनवर करते. पुस्तकात "इदे" असतं, आमच्या कानावर लहानपणापासून "ऐती" आहे. शॉपमध्ये मशीनवर बसणारा रुद्रप्पा "इदे" ऐकून हसलाच, "अक्का, ऐती अन्नी" म्हणाला. तसंच ठेवलं. त्यानं चारदा माझ्याकडून म्हणून घेतलं. पाचव्या वाक्यापासून माझी कन्नड अडखळते हे मला माहीत आहे, म्हणून तिथं थांबून ते ज्या भाषेत उत्तर देतील तिच्यात जायचं. मराठीत आले तर मराठी, हिंदीत आले तर हिंदी. पुढचं असं:

"सर, आमच्याकडं सहा माणसं आहेत, दोघं आयटीआयची शिकाऊ मुलं. दुसरा राउटर घ्यायचाय. लहान उद्योगाला मशीनसाठी जी मदत मिळते तिच्यात आमचं बसतं का, हे तुमच्या ऑफिसात कुणाला भेटून विचारू?"

"मदत द्या" म्हणायचं नाही, "कुणाला भेटू" म्हणायचं. उभ्या उभ्या कोणी मदत मंजूर करत नाही, पण नाव मात्र सांगतं.

सीमेवरच्या आमच्या गावात भाषेवरून खूप काही झालंय, अजून होतं. मला त्याचं दुःख आहे आणि माझी मराठी मला प्राणासारखी आहे. पण आमच्या शॉपमध्ये मापं घेताना एक जण "हत्तु" म्हणतो, दुसरा "दहा" म्हणतो आणि व्हर्नियर तेवढंच दाखवतो. कन्नडमधली चार वाक्यं बोलताना मी काही सोडत नाही, समोरच्याला पहिलं पाऊल टाकायला लावत नाही इतकंच.

कोल्हापूरकडच्या शिरोलीचे, गोकुळ शिरगावचे फौंड्रीवाले आले तर फौंड्रीचाच मजकूर चालेल. फक्त सुरुवात "आपण शेजारीच, हायवेनं दोन-अडीच तासांवर" अशी. त्यांच्याकडं चांगले पॅटर्नवाले आहेत, त्यांच्याशी तुलना करायची नाही. "तुमच्याकडं गर्दी असेल तेव्हा दुरुस्तीची कामं आमच्याकडं पाठवा" हे म्हणायला सोपं आणि खरंही.

आप्पांना ओळखणारे वडीलधारे शहापूर-वडगावचे बरेच असणार. त्यांच्याशी "नमस्कार, मी रेश्मा सुतार" असं कडक बोलले तर त्यांना परकं वाटेल:

"काका, ओळखलासा काय? बाळू सुतारांची थोरली मी. होय, आप्पा बरे हाईत, गुडघा दुखतोय पण शॉपला रोज येतात. आता ड्रॉइंग आणि राउटर मी बघतो, फिनिशिंग त्यांच्याच हातात हाय. तुमच्या थोरल्यानं मशीन शॉप वाढवलंय म्हणून ऐकलो. त्याला कास्टिंग कुठनं येतंय? एकदा आमच्याकडं पाठवून द्या, आप्पांनाही बरं वाटंल."

यात सेकंद मोजायचे नाहीत. काकांना गुडघ्याबद्दल विचारायचं असतं आणि ते त्यांनी विचारावं.

कॉलेजची मुलं येतील. त्यांना काम विकायचं नाही, पण मला एक हुशार हात हवाय. एखादी मुलगी कडेला उभी दिसली तर आपणहून जायचं:

"मी रेश्मा. पॅटर्न बनवते, म्हणजे लोखंडी वस्तूचा पहिला आकार. स्क्रीनवर मॉडेल काढायचं, मग तेच लाकडातून निघताना बघायचं, आणि आठवड्यानं त्याचं कास्टिंग हातात घ्यायचं. आमच्याकडं हे तिन्ही एकाच माणसाला करायला मिळतं. तुला मॉडेलिंग येतं का? सुट्टीत पंधरा दिवस येऊन बघ, शॉपमध्ये मीही आहे, आणखी एक ताईही आहेत."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. मी डिप्लोमाला असताना ते मला कोणी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी दारात अर्धा तास उभी राहिले नसते.

चहाच्या टेबलाशी हातात बशी असताना एवढंच: "मी रेश्मा, उद्यमबागेत पॅटर्न करते. कास्टिंगचं माप जुळत नसेल तर मला बोलवा. तुमचं काय काम?"

आणि परवा सकाळी ज्यांनी नंबर दिला त्यांना पाठवायचा निरोप, आजच लिहून ठेवला:

"नमस्कार सर, मी रेश्मा सुतार, काल आकसाची पट्टी दाखवलेली. तुम्ही म्हणालात त्या गिअर केसचं ड्रॉइंग किंवा जुन्या पॅटर्नचा फोटो पाठवा. बघून दोन दिवसांत सांगते, दुरुस्तीत भागतं की नवा लागेल."