ध्रुव ३९ ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ: क्रीम डायल, तपकिरी चामडी पट्टा

आतलं मशीन सेइकोचं एनएच३५, २४ ज्वेलचं. बॅटरी नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते. सेकंद काटा सेकंदाला सहा बारीक ठोके घेत सरकतो, त्यामुळे क्वार्ट्झसारखी टकटक उडी दिसत नाही. पूर्ण भरलेलं मशीन साधारण ४१ तास चालतं. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलंत तर रविवारी दुपारच्या सुमारास बंद पडेल. बंद पडलं की क्राउन, म्हणजे बाजूची गोल किल्ली, न ओढता वीस-तीस वेळा फिरवा आणि मग वेळ लावा. तारीख मात्र रात्री ९ ते पहाटे ४ या वेळेत बदलू नका, तेव्हा आतली चाकं तारखेच्या चकतीत गुंतलेली असतात.

या मशीनची ठरलेली मर्यादा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद आहे. मिनिटभरही फरक चालणार नसेल, तर क्वार्ट्झच घ्या.

पाण्याबद्दल. मागच्या झाकणावर ५ बार, म्हणजे ५० मीटर लिहिलंय. हे घालून ५० मीटर खोल जाता येतं, असं समजू नका. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा आहे. हात धुणं, पाऊस, चुकून बादलीत बुडणं, यात काही होणार नाही. पोहायला, सूर मारायला किंवा गरम पाण्याच्या अंघोळीला घालू नका. वाफ आणि साबण रबरी सीलचं आयुष्य कमी करतात. क्राउन स्क्रूचा नाही, तो पूर्ण आत दाबलेला आहे ना, ते बघत चला. सील कालांतराने कडक होतात. झाकण उघडलं की नवे बसवून दाबाची चाचणी करून घ्या. पट्टा चामड्याचा आहे, तो तसाही भिजवू नये.

वरची काच सफायर, आतून प्रतिबिंब कमी करणारा थर. मोह्स मापावर सफायर ९, धुळीतली गारेची वाळू ७. म्हणून रोजच्या घासण्याने तिच्यावर ओरखडे पडत नाहीत. पण कठीण म्हणजे अतूट नव्हे: फरशीवर कडेने पडली तर टवका उडू शकतो. मागे पारदर्शक झाकण आहे, पण ती काच साधी मिनरल आहे. तिथे ओरखडे पडतील.

पट्टा २० मिमी रुंद. बकलची बाजू ७५ मिमी, भोकांची १२०, भोकं सात. साधारण १६ ते १९.५ सेंटिमीटर घेराच्या मनगटाला बसतो. सुतळी मनगटाच्या हाडाच्या मागे गुंडाळून पट्टीवर मोजून पाहा. १६ पेक्षा कमी आलं तर पहिल्या भोकातही ढिलं वाटेल. ऑर्डरच्या वेळी कळवा, ७० आणि ११० मिमीचा आखूड पट्टा लावून देतो. पट्ट्याच्या मागे झटपट काढायची पिन आहे, नखाने निघते.

केस ३१६एल स्टीलची, व्यास ३९ मिमी, जाडी ११.८, लग ते लग, म्हणजे पट्टा अडकवायच्या वरच्या शिंगांपासून खालच्या शिंगांच्या टोकापर्यंत, ४६.