माईंच्या दिवसकार्यानंतर: आप्तेष्टांना आणि स्नेह्यांना

सर्व आप्तेष्ट, स्नेही आणि शेजारी मंडळींना सप्रेम नमस्कार.

आमची आई, तुम्हा सर्वांच्या माई, शुक्रवार दि. ३ जानेवारीला पहाटे गेली. परवा, १५ तारखेला तेरावा झाला आणि तिचं दिवसकार्य यथासांग पार पडलं. प्रत्येकाला भेटून बोलावं असं मनात आहे, पण ते लगेच जमणार नाही, म्हणून हे पत्र.

त्या पहाटे आम्हाला काही सुचत नव्हतं. गल्लीतल्या मुलांनी कुणी न सांगता सामान आणलं, गुरुजींना निरोप दिला, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना फोन लावले. धनश्री नाशिकहून पोहोचेपर्यंत सारे अंगणात थांबून राहिले. लेकीला आईचा चेहरा पाहता आला, तो तुमच्यामुळे. त्याआधी महिनाभर दवाखान्यात आळीपाळीने रात्री जागवलेल्या भाच्यांना काय म्हणावं, शब्द सापडत नाहीत.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर थंडी बोचत होती. सत्तरी ओलांडलेली मंडळीही कावळा शिवेपर्यंत जागची हलली नाहीत. बाराव्याला संक्रांत आली. घरचा सण असूनही तुम्ही आलात, हे आम्ही विसरणार नाही. जे दूर आहेत, प्रकृतीमुळे निघू शकले नाहीत, त्यांचे फोन आणि पत्रं अप्पांना वाचून दाखवली, ऐकवली.

अप्पांची आणि आईची सोबत ५१ वर्षांची. दिवेलागणीची वेळ त्यांना फार जड जाते. त्या वेळी रोज त्यांचे फिरायला जाणारे मित्र येत, ओसरीवर बसत. बोलणं फारसं होत नसे. चहाही कुणी घेतला नाही. आठव्या की नवव्या दिवशी अप्पा आपणहून आईबद्दल बोलू लागले, आणि आमच्या जिवात जीव आला.

या धावपळीत कुणाला कळवायचं राहिलं असेल, आलेल्या कुणाची नीट विचारपूस झाली नसेल, तर सांभाळून घ्या.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवसाच्या कडू घासापासून शेजारून पिठलं-भात, भाकरी, आमटी येत राहिली. ते सगळे डबे घासून स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडले आहेत. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत धाडायचा नाही, हा आईचा शिरस्ता. म्हणून तिनेच दिवाळीनंतर घातलेलं लिंबाचं लोणचं प्रत्येक डब्यात थोडं थोडं भरलं आहे. पाच डबे ओळखता आले, ते आम्ही पोचवू. उरलेल्यांवर नावं नाहीत. आपापला डबा ओळखून न्यावा. शक्यतो संध्याकाळी या, अप्पा ओसरीवरच असतात.

आपले,
अप्पा, मिलिंद, सुजाता आणि धनश्री

वाई, १७ जानेवारी २०२५