वरिष्ठ पदाचा प्रस्ताव नाकारताना

धडगाव, जि. नंदुरबार
दि. 12 जून 2025

प्रति,
मा. वैद्यकीय संचालक महोदय,
धुळे

विषय : मेडिसिन विभागातील कायमस्वरूपी वरिष्ठ पद स्वीकारण्यास असमर्थता
संदर्भ : आपले दि. 3 जूनचे नियुक्तीपत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. वरिष्ठ सल्लागार आणि विभागप्रमुख या पदासाठी आपण आणि निवड समितीने माझा विचार केला, याबद्दल मनापासून आभार. हे पद मी स्वीकारू शकत नाही. उत्तर कळवण्याची मुदत 30 जून आहे. पण जागा अडकून राहू नये म्हणून आजच कळवते आहे. हा निर्णय पक्का आहे. पगार वाढवून किंवा रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून त्यात फरक पडणार नाही, तेव्हा आपण त्या वाटाघाटीत वेळ घालवू नये.

पगार, निवास आणि कामाच्या वेळा यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नकाराचे कारण इथल्या दवाखान्यातले सिकलसेलचे रुग्ण आहेत. आपणही फिजिशियन आहात, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

एखाद्या दवाखान्यात डॉक्टर बदलला की सगळ्यात आधी बंद पडते ते हायड्रॉक्सीयुरिया. या औषधाचा गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. तोवर रुग्णाला फायदा जाणवत नाही, उलट रक्त तपासायला मात्र वारंवार यावे लागते. मात्रा साधारण 10 मिग्रॅ प्रति किलोपासून सुरू करायची; 40 किलोच्या माणसाला रोज 500 मिग्रॅची एक कॅप्सूल म्हणजे 12.5 मिग्रॅ होते, तिथे सोपे आहे. 20 किलोच्या मुलाला तीच कॅप्सूल एक दिवसाआड द्यावी लागते. ‘एक दिवसाआड’ हे फक्त तोंडी सांगितले तर चार दिवसांत गोंधळ उडतो. कॅलेंडरवर खुणा करून द्याव्या लागतात आणि पुढच्या खेपेला उरलेल्या कॅप्सूल मोजून घ्याव्या लागतात. नवा डॉक्टर फाइल उघडतो, त्याला कॅन्सरचे औषध दिसते, शेजारी प्लेटलेट 1,10,000 दिसतात आणि तो औषध थांबवतो. थांबवायची वेळ खरे तर 80,000 च्या खाली येते. पुढे काही महिन्यांत हाडांच्या वेदनांचे झटके परत सुरू होतात आणि घरचे म्हणतात, औषधच लागू पडत नव्हते. त्या घरात ते पुन्हा सुरू करणे पहिल्यापेक्षा अवघड जाते.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर इथले पाडे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात आणि होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास परततात. एवढ्या काळाच्या कॅप्सूल एकदम हातात देणे धोक्याचे, आणि न देणे म्हणजे औषध तोडणे. म्हणून निघण्याआधीच्या आठवड्यात सीबीसी, मग दोन महिन्यांच्या कॅप्सूल, आणि सोबत वजन, मात्रा व शेवटचा रिपोर्ट लिहिलेले कार्ड. ताप, तोंडात फोड किंवा हिरड्यांतून रक्त आले तर कॅप्सूल बंद करून फोन करायचा, हे पावरीत समजावून सांगायचे. दोन महिन्यांनी मुकादमाकरवी निरोप पाठवून जवळच्या गावी पुन्हा सीबीसी. कोणते कुटुंब कोणत्या मुकादमाकडे जाते हे माहीत नसेल तर यातले काहीच होत नाही, आणि ही माहिती कोणत्याही रजिस्टरमध्ये नसते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली, तपासण्या वाढल्या, हे चांगलेच झाले. पण तपासणीचे कार्ड हातात आल्यावर पुढची कित्येक वर्षे त्या माणसाला औषधावर टिकवणे हे वेगळे काम आहे. ते करायला इथे सध्या दुसरे कोणी नाही. कोणी तयार झाले तरी सोपवायला निदान एक पूर्ण हंगाम जावा लागेल, पावसाळ्यापासून होळीपर्यंत.

सध्या मी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आपल्याकडे जी ओपीडी घेते, ती त्याच मानधनावर चालू ठेवायची माझी तयारी आहे. पद नाकारल्यामुळे ती बंद करणे आपल्याला योग्य वाटत असेल तर एक महिना आधी कळवावे. त्या दिवशी येणारे रुग्ण दूरवरून येतात, त्यांना आधी सांगावे लागेल.

एक विनंती मात्र आग्रहाने करते. इथून पाठवलेल्या सिकलसेलच्या रुग्णांसाठी अपघात विभागात एक पानी सूचना लावता आली तर फार उपयोग होईल. मसुदा सोबत जोडला आहे. त्यातले सगळ्यात महत्त्वाचे असे की नुसता आकडा पाहून रक्त चढवू नये. या रुग्णांचे नेहमीचे हिमोग्लोबिन 7 ते 8 असते आणि ते त्यावर हिंडतेफिरते असतात. वेदनेसाठी आलेल्याला दोन पिशव्या चढवून 10 च्या वर नेले की रक्त घट्ट होते आणि झटका वाढू शकतो. नेहमीचा आकडा आमच्या कार्डावर उजव्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेला असतो. तुलना त्याच्याशी करावी. लहान मूल अचानक पांढरे पडले आणि प्लीहा वाढलेली लागली तर मात्र थांबू नये. तिथेही रक्त थोडे थोडे, एका वेळी 3 ते 5 मिली प्रति किलो द्यावे, कारण प्लीहेत अडकलेले रक्त नंतर परत फिरते. सलाइनही हात सैल सोडून देऊ नये. जादा पाण्याने छाती भरते आणि मग तो न्यूमोनिया की चेस्ट सिंड्रोम यावर रात्र जाते. डिस्चार्ज देताना हायड्रॉक्सीयुरिया थांबवले असेल तर कारण लिहावे. गरोदरपण हे योग्य कारण आहे, ‘पेशंट स्टेबल’ हे नाही.

आपल्या निवासी डॉक्टरांपैकी कोणाला पंधरा दिवस इथे यायचे असेल तर राहायला एक खोली आहे. जुलै ते सप्टेंबर हा काळ शिकायला सर्वांत चांगला. तेव्हा मलेरियाचा ताप आणि सिकलचा झटका एकाच रुग्णात भेटतात, सर्पदंशही रोजचे असतात. येताना टॉर्च आणि चांगले बूट आणावेत. वीज बेभरवशाची आहे.

पदाबाबत विचारले नसतानाही एक सुचवते, राग नसावा. आपल्या आयसीयूची जबाबदारी सध्या ज्या सहयोगी डॉक्टर सांभाळतात, त्यांनाच हे पद द्यावे असे मला वाटते. निवासी डॉक्टर रात्री अडले की आधी त्यांनाच फोन करतात. बाहेरून माणूस आणण्यापेक्षा ते विभागाला जास्त मानवेल.

नियुक्तीपत्राची मूळ प्रत सही न करता सोबत परत पाठवत आहे. येत्या 14 तारखेच्या शनिवारी ओपीडी संपल्यावर, साधारण चार वाजता, आपण कार्यालयात असाल तर सूचनापत्रकाबद्दल समक्ष बोलता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
डॉ. वैशाली सोनवणे
एम. डी. (मेडिसिन)

सोबत : 1) नियुक्तीपत्राची मूळ प्रत 2) अपघात विभागासाठी सूचनापत्रकाचा मसुदा