मिरची कांडप यंत्राच्या कर्जासाठी पत्र: मासिक उत्पन्न व देण्यांच्या तक्त्यासह

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
स्टेट बँक ऑफ इंडिया,
अमळनेर शाखा, जि. जळगाव

विषय : मुद्रा योजनेच्या किशोर गटातून ४,००,००० रुपये कर्ज मिळणेबाबत. सोबत मासिक उत्पन्न व चालू देण्यांचा तक्ता.

महोदय,

पैलाड भागात माझी पिठाची गिरणी आहे. जागा घरचीच, पुढच्या गाळ्यात, त्यामुळे भाडे नाही. माझे बचत खाते आणि गिरणीचे चालू खाते दोन्ही आपल्या शाखेत आहेत. गहू, ज्वारी, कळण्याचे दळण बाराही महिने चालते. फेब्रुवारी ते मे या काळात त्यावर मिरची, हळद, काळा मसाला आणि पापड-बिबड्यांच्या दळणाची भर पडते.

अडचण अशी की मिरची-मसाल्याला माझ्याकडे एकच पल्व्हरायझर आहे. मिरचीनंतर त्यात हळद घ्यायची तर जाळी काढून, आतला भाग पुसून, थोडे तांदूळ फिरवून टाकावे लागतात, नाहीतर हळदीला तिखट लागते. म्हणून हंगामात मिरचीला सोमवार आणि गुरुवार असे वार ठरवून दिले आहेत. नंदुरबार-दोंडाईच्या बाजारातून मिरची आणून, देठ खुडून, उन्हात कडक करून बाया येतात आणि वार चुकला की दुसरीकडे जातात. शिवाय मसाल्याला कांडलेलीच मिरची हवी, असे म्हणणाऱ्या बऱ्याच आहेत. ते काम आज मला घेताच येत नाही.

कांडप यंत्र, दुसरा पल्व्हरायझर आणि मोटारी यांचे कोटेशन करासह ४,३०,००० रुपयांचे आहे. वीजभार वाढवायला ३५,००० आणि खेळते भांडवल ५५,००० धरून एकूण ५,२०,००० रुपये लागतील. त्यातले १,२०,००० माझे स्वतःचे आहेत, ते बचत खात्यात दिसतील.

उत्पन्नाचे आकडे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षाचे आहेत, देणी आजची.

तक्ता १ : कुटुंबाचे मासिक उत्पन्न (रुपये)

| बाब | सरासरी महिना | सर्वात मंदीचा महिना (जुलै) |
|---|---|---|
| गिरणी, वीज-मजुरी-दुरुस्ती वजा जाता | २०,००० | १२,९०० |
| पतीचा पगार (एस.टी., अमळनेर आगार, चालक), भविष्य निर्वाह निधी व व्यवसाय कर वजा जाता | ३१,८०० | ३१,८०० |
| मागच्या खोलीचे भाडे | २,८०० | २,८०० |
| एकूण | ५४,६०० | ४७,५०० |

तक्ता २ : चालू देणी (रुपये)

| देणे | दरमहा | आजची बाकी | कधी संपते |
|---|---|---|---|
| पतीचे पतसंस्थेचे कर्ज (पगारातून कपात) | ४,८०० | ९६,००० | एप्रिल २०२७ |
| दुचाकी कर्ज | २,६५० | १८,००० | जानेवारी २०२६ |
| महिला बचत गटाचे कर्ज | १,५०० | १५,५०० | मे २०२६ |
| सोनेतारण, आपली शाखा (फक्त व्याज, महिन्यावर विभागून) | ४५० | ६०,००० | ऑक्टोबर २०२५ |
| विमा हप्ते, दोघांचे | १,१८० | – | चालू |
| पोस्टाची आरडी १,००० व गटाची बचत २०० | १,२०० | – | आरडी सप्टेंबर २०२५ |
| दिरांच्या ट्रॅक्टर कर्जाला पतीचा जामीन | ० | २,७०,००० | हप्ते नियमित |
| एकूण | ११,७८० | | |

तक्त्यातल्या काही ओळी पासबुकाशी जुळणार नाहीत, त्यांचा खुलासा करते.

पतीच्या खात्यात दरमहा २७,००० जमा होतात, मी ३१,८०० लिहिले आहेत. मधले ४,८०० पतसंस्थेचा हप्ता म्हणून पगारातूनच कापले जातात. पगारपत्रकात ती कपात आहे. उत्पन्न पूर्ण दाखवून देणे वेगळे दाखवले, म्हणजे तोच हप्ता आपल्याकडून दोनदा वजा होणार नाही.

गिरणीचे २०,००० ही वर्षाची सरासरी. हंगामाच्या चार महिन्यांत महिन्याला ३१,००० सुटतात, उरलेल्या आठ महिन्यांत १४,५००. जुलैत तेही नाही. गिऱ्हाईक पाच-दहा रुपये रोख देते, क्यूआर कोडवर देणारे कमी, त्यामुळे चालू खात्यात सगळा धंदा दिसत नाही. दळणाची रोजची वही जोडली आहे. वहीवर भरवसा ठेवणे कठीण वाटले तर सोबतची बारा महिन्यांची वीजबिले पाहावीत : मार्चला १,१५० युनिट, जुलैला ४८०. दळण झाल्याशिवाय मीटर फिरत नाही.

सोनेतारणाचे मुद्दल ऑक्टोबरला एकरकमी भरायचे आहे, व्याजासह ६५,४०० च्या आसपास. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीचे सुमारे ६९,००० सप्टेंबरअखेर हातात येतात, ते त्यासाठीच ठेवले आहेत. नव्या कर्जातला पैसा तिकडे जाणार नाही.

बचत गटाचे कर्ज आणि जामीन सिबिलच्या अहवालात दिसतील की नाही, याची वाट न पाहता दोन्ही लिहिले आहेत. दिरांच्या कर्जखात्याचा उतारा जोडला आहे, त्यात थकबाकी नाही.

गावाकडच्या सामाईक तीन एकर कोरडवाहू कापसाचा एक रुपयाही धरलेला नाही. हमीभाव जाहीर असला तरी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२ च्या वर गेला की कापूस परत आणावा लागतो. असल्या पैशावर हप्ता बांधणे मला पटत नाही. नव्या यंत्राची वाढीव कमाईही याच कारणाने तक्त्यात नाही.

आता हप्त्याचे. ४ लाखांना ११ टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता साधारण ८,७०० येतो. घरखर्च, दोन मुलांच्या शाळेसह, २१,००० आहे. जुलैचा मंदीचा महिना धरला तर :

४७,५०० – ११,७८० – २१,००० = १४,७२०
१४,७२० – ८,७०० = ६,०२०

सगळ्यात वाईट महिन्यातही हप्ता भरून सहा हजार उरतात. कर्जाचे सगळे हप्ते, नवा धरून, त्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ३८ टक्के होतात, सरासरी महिन्याच्या ३३ टक्के. जानेवारीनंतर दुचाकीचे २,६५० सुटतात, ते वेगळे. माझी विनंती एवढीच की पात्रता ठरवताना हंगामाचा महिना न धरता जुलैचा धरावा. चार महिन्यांच्या तेजीवर मोठा हप्ता बांधला तर श्रावणात माझीच ओढाताण होईल.

त्याचबरोबर हप्त्याची तारीख १२ ठेवावी, कारण पगार त्याच्या आत जमा झालेला असतो. हंगामात जास्तीची रक्कम भरायची मुभा मिळावी. यंत्र बसवून वीजभार मंजूर होईपर्यंत तीन महिने हप्त्याला सवलत मिळाल्यास बरे होईल. कर्ज दिवाळीच्या आसपास हाती आले तर जानेवारीअखेर यंत्र बसते आणि यंदाचा मिरचीचा हंगाम सापडतो. उशीर झाला तर यंत्र पुढच्या फेब्रुवारीपर्यंत झाकून ठेवून हप्ते भरावे लागतील.

यंत्राची रक्कम माझ्या खात्यात न देता थेट विक्रेत्याच्या खात्यात वळती केली तरी चालेल. पाहणीसाठी सकाळी ८ ते १२ या वेळेत कोणीही यावे. दुपारी गिरणी बंद असते.

आपली विश्वासू,
(सही)
सौ. सुनंदा प्रकाश पाटील
पैलाड, अमळनेर

सहअर्जदार : श्री. प्रकाश पाटील (सही)

सोबत : आधार व पॅन यांच्या प्रती, उद्यम नोंदणी, यंत्रांचे कोटेशन, पतीची सहा महिन्यांची पगारपत्रके, दोघांच्या खात्यांचे वर्षाचे उतारे, वीजबिले, दळणाची वही (मूळ प्रत, पाहून परत मिळावी), पतसंस्था, दुचाकी व बचत गट यांचे बाकी दाखले, दिरांच्या कर्जखात्याचा उतारा, आरडीचे पासबुक, गाळ्याचा घरपट्टी उतारा.