बाबा ऑनलाइन

रात्रीचे सव्वादहा. कूलरमध्ये आत्ताच
दोन बादल्या ओतल्या,
ओल्या ताट्यांचा वास खोलीभर.
बाबांची चॅट उघडून बसले आहे.

नावाखाली: ऑनलाइन.
म्हणजे महाल भागातल्या घरी, गच्चीवर,
खाटेवर पाय सोडून, चष्मा कपाळावर,
फोन नाकाशी धरून
नुसतंच वरखाली करत असणार.

सकाळचा झेंडू अजून दिसतोय.
'शुभ प्रभात', ६ वाजून १० मिनिटांनी.
तोच झेंडू ६ वाजून २५ ला.
तोच पुन्हा ७ वाजून ५ ला.
तिन्ही वेळा मी हात जोडून पाठवले,
दुसऱ्यांदा हसून,
तिसऱ्यांदा न हसता.

'जेवलात का?' लिहिलं. पुसलं.
ह्याचं उत्तर 'हो' असतं, जेवले नसले तरी.
'कूलर लावला का?' पुसलं.
'ऊन फार आहे हो.' मे महिन्यात, नागपुरात,
हे कोणी कोणाला कळवतं का!

सरळ फोन लाव, म्हणाल.
पण माझा आवाज मला ठाऊक आहे,
'हॅलो'तच फुटायचा.
इथे निदान बोट थांबतं
आणि थांबलेलं कोणाला दिसत नाही.

शेजारच्या काकूंनी दुपारी सांगितलं:
कैऱ्या आणायला कॉटन मार्केटला गेलेले बाबा
बर्डीवर, झिरो माईलच्या घोड्यांपाशी उभे होते,
पिशवी छातीशी धरून,
ऑटोवाल्याला विचारत,
'महाल कोण्या बाजूला आहे, भाऊ?'

बाबा!
ज्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून
डोळे मिटायला लावून रस्ता शिकवला:
पाण्याचा वास आला की गांधीसागर,
कोथिंबिरीचा आला की कॉटन मार्केट,
डोक्यावर गाडी धडधडली की लोहापूल,
आणि मग उघड डोळे,
आली बर्डी.
मी चोरून एक डोळा उघडायची.
त्यांना कळायचं. बोलायचे नाहीत.

'बाबा,' एवढं लिहिलं. स्वल्पविराम दिला.
रेघ त्याच्यापुढे लुकलुकतेय.
कूलरचं पाणी अर्ध्यावर आलं असेल,
पंप मधूनच कोरडा घरघरतो.
मी त्या स्वल्पविरामापाशीच.

तेवढ्यात त्यांचाच मेसेज:
'काय गं, केव्हाची लिहून राहिली तू?
टायपिंग टायपिंगच दिसून राहिलं.'

आणि लगेच दुसरा:
'झोप नाही येत का?'

'बाबा, आज बर्डीवरून घरी कसे आलात?'